सतरा लाखांचा तक्ता

आमच्या इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या घरी चार वर्षं मी भाजणी, मेतकूट आणि उपवासाची भाजणी करून विकत होते. महिन्याला शंभर-सव्वाशे किलो, घरून नेणाऱ्यांना ३०० रुपये किलो. गच्चीवर धान्य वाळत घालायचं, मोठ्या कढईत भाजायचं आणि दोन गल्ल्या पलीकडच्या गिरणीत दळून आणायचं, एवढाच कारखाना. २०२४ च्या पावसाळ्यात सांवेर रोडला एक छोटी शेड भाड्याने मिळतेय असं कळलं आणि डोक्यात घोळत असलेली गोष्ट कागदावर आणायची वेळ आली.

डीपीआर, म्हणजे प्रकल्प अहवाल, मी स्वतःच लिहायचं ठरवलं. वस्तू काय, गिऱ्हाईक कोण, यंत्रं कुठली, हे सगळं भराभर लिहून झालं. अडले ते एकाच पानावर: ‘निधीची व्यवस्था’. लागणार होते १७ लाख. ११ लाख यंत्रं आणि शेडमधल्या वायरिंग-फरशीसाठी, ६ लाख खेळतं भांडवल. मी चार रात्री वाचन केलं आणि असा तक्ता केला: स्वतःचे १ लाख, बँकेचं कर्ज ४,१५,०००, एंजल गुंतवणूकदार ५ लाख, क्राउडफंडिंग ३ लाख आणि सरकारी सबसिडी ३,८५,०००. बेरीज बरोब्बर १७ लाख. मला तर तो तक्ता फार देखणा वाटला होता.

आमच्या शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेले, उमेदीची बरीच वर्षं लघुउद्योगांची कर्जं तपासण्यात गेलेली. त्यांच्याकडे कागद घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, तक्ता पाहिला आणि पेन्सिलीने प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द लिहिला: ‘कधी?’ मग म्हणाले, “वहिनी, बेरीज बरोबर आहे. पण हे पाच ठिकाणचे पैसे पाच वेगळ्या दिवशी येणार, आणि त्यातले दोन तर तुमच्याकडे येणारच नाहीत. यंत्रवाला मात्र एकाच दिवशी पैसे मागणार.”

सुरुवात सबसिडीपासून झाली, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथे होती. मी पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना धरली होती. ती २०२० साली सुरू झाली आणि पात्र भांडवली खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, अशी मदत देत होती. दुसरा पर्याय पीएमईजीपीचा, म्हणजे केंद्राच्याच रोजगारनिर्मिती योजनेचा होता. शहरात बाईमाणसाला त्यात २५ टक्के मिळत होते, पण ती योजना नव्या उद्योगांसाठी. माझ्याकडे अन्न परवाना आणि उद्यम नोंदणी आधीपासून होती, चार वर्षांची विक्री होती. मी ‘चालू उद्योग’ ठरत होते, म्हणून पीएमएफएमई. इथवर माझं बरोबर होतं.

चूक अशी की ३५ टक्के मी हातात येणारा पैसा म्हणून मोजले होते. काकांनी समजावलं ते असं. ११ लाखांच्या खर्चात तुम्ही आधी १० टक्के स्वतःचे घालायचे. उरलेले ९,९०,००० बँक मुदत कर्ज म्हणून देते, आणि तेही तुम्हाला नाही, कोटेशन दिलेल्या यंत्रवाल्याला. सबसिडी त्यानंतर येते, ती बँकेकडे, तुमच्या कर्जाशी जोडलेल्या वेगळ्या खात्यात. तिथे ती तीन वर्षं पडून राहते. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही हा फायदा आहेच. पण उद्योग चालू राहिला आणि कर्ज थकलं नाही, तरच तीन वर्षांनी ती कर्जातून वजा होते. म्हणजे सबसिडी हा पैशाचा पाचवा झरा नाहीच. ती कर्जाच्याच पोटात आहे. मी ४,१५,००० कर्ज आणि ३,८५,००० सबसिडी अशा दोन ओळी मांडल्या होत्या. कागदावर घ्यायचं कर्ज ९,९०,००० होतं आणि तक्त्यात ते कुठेच नव्हतं.

दुसरं म्हणजे, ही सबसिडी भांडवली खर्चावर आहे. डाळ-गहू विकत घ्यायला, उधारी सोसायला, पगाराला तिचा काडीचा उपयोग नाही. ‘अनुदान मिळतंय’ म्हणून ज्यांनी खेळत्या भांडवलाची सोयच केली नाही अशा दोन युनिटांची गोष्ट काकांनी सांगितली. यंत्रं नवी कोरी, आणि कच्चा माल आणायला पैसे नाहीत.

खरंखुरं अनुदान, म्हणजे कर्जाशिवायचं, तेही मी पाहून ठेवलं होतं. स्टार्टअप इंडियाची सीड फंड योजना २०२१ साली सुरू झाली. इन्क्युबेटर, म्हणजे नव्या उद्योगांना उभं राहायला मदत करणाऱ्या संस्था, यांच्यामार्फत २० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकत होतं. भाच्याने उत्साहाने तिची माहिती पाठवली होती. पण ते अनुदान कल्पना सिद्ध करायला, नमुना तयार करायला, त्याच्या चाचण्यांना असतं. पैसा टप्प्याटप्प्याने मिळतो आणि त्यातून कारखाना उभा करता येत नाही. शिवाय त्यांना मान्यता मिळालेला स्टार्टअप लागतो, आणि माझ्यासारखी एका मालकाची पेढी त्यात बसत नाही. भाजणी करण्याच्या कृतीत मी काही नवा शोध लावलेला नाही. आजेसासूबाईंचं प्रमाण आहे, त्यात धणे थोडे वाढवले, एवढंच. ती ओळ मी स्वतःच खोडली.

एंजल गुंतवणूकदाराचा अनुभव मात्र मला प्रत्यक्ष घ्यायचा होता. भाच्याच्या ओळखीने एका गृहस्थांशी पलासियाच्या एका कॉफीच्या दुकानात भेट ठरली. त्यांनी आधी दोनतीन खाद्यपदार्थांच्या कंपन्यांत पैसे घातलेले. मी मेतकुटाचं पाकीट नेलं होतं. त्यांनी ते उघडून वास घेतला, “वा” म्हणाले आणि लगेच विचारलं, “माझे पैसे बाहेर कसे पडणार?”

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, नफा होईल त्यातून. त्यांनी शांतपणे हिशेब मांडला, आणि तो मी इथे तसाच देते, कारण त्या दहा मिनिटांत मला जे कळलं ते चार रात्रींच्या वाचनात कळलं नव्हतं. समजा त्यांनी १५ लाख देऊन २० टक्के हिस्सा घेतला. म्हणजे पैसे आल्यावर कंपनीची किंमत ७५ लाख धरली. ते दहा ठिकाणी पैसे घालतात, त्यातली बरीच बुडतात. म्हणून जे तरतं त्याने सात-आठ वर्षांत दहापट तरी द्यायला हवं. त्यांच्या २० टक्क्यांचे दीड कोटी व्हायचे तर पूर्ण कंपनी साडेसात कोटींची व्हायला हवी. कोणी अशी कंपनी विक्रीच्या दीडपटीने विकत घेईल असं मानलं, तरी वर्षाची विक्री ५ कोटी हवी.

घरी येऊन मी भागाकार केला. दुकानदाराला मी २२० रुपये किलोने देणार. ५ कोटी म्हणजे वर्षाला सव्वादोन लाख किलोंहून अधिक, महिन्याला जवळपास १९ टन. अख्ख्या इंदूरच्या मराठी माणसांनी तिन्ही त्रिकाळ थालीपीठ खाल्लं तरी एवढी भाजणी संपेल असं वाटत नाही! गृहस्थ वाईट नव्हते. त्यांचा पैसा ज्या वेगासाठी आहे, तो वेग माझ्या धंद्याचा नाही. त्यासाठी मला पेढी मोडून प्रायव्हेट लिमिटेड करावी लागली असती, कारण मालकीच्या पेढीत विकायला शेअरच नसतात. मग दरवर्षीचं ऑडिट आणि कंपनी निबंधकाकडची विवरणपत्रं. बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सहज सांगितली ती मात्र मी टिपून ठेवली: “माझा पैसा बुडाला तर तुम्हाला परत द्यावा लागत नाही. बँकेचा बुडाला तर द्यावा लागतो.” हे वाक्य पुढे कामी आलं.

क्राउडफंडिंगबद्दल माझा गोंधळ सगळ्यांत जास्त होता. माझी कल्पना अशी की आपल्या ओळखीच्या शंभर-दीडशे मराठी घरांनी प्रत्येकी दोन-तीन हजार घालायचे आणि धंद्यात वाटा घ्यायचा. आमची सीए हसली. लोकांकडून ऑनलाइन गोळा करून त्या बदल्यात हिस्सा देणं आपल्याकडे चालत नाही. सेबीने २०१४ साली त्यावर चर्चेचा मसुदा काढला होता, पण नियम झाले नाहीत, आणि २०१६ मध्ये तर अशा अनधिकृत मंचांपासून सावध राहायचा इशारा दिला. व्याजाने गोळा करायचे म्हटलं तर ठेवींचा २०१९ चा कायदा आडवा येतो. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारे व्यक्ती-ते-व्यक्ती कर्जाचे मंच आहेत, पण तिथे मुदत जास्तीत जास्त ३६ महिने. गिरणीसाठी ती कमी. देणगी मागायची तर, कोणी आजारी आहे का आमच्याकडे? उरला एकच सरळ रस्ता: माल आधी विकायचा. लोक पैसे आज देतील, भाजणी पुढे मिळेल.

त्यावर मी एक योजना आखली. ३,००० रुपये आगाऊ भरा, बारा महिने दर महिन्याला एक किलो घेऊन जा. घरून न्यायचा भाव ३०० धरला तर ३,६०० चा माल ३,००० ला. नव्वद घरं झाली तर २,७०,००० हातात. मी खूश होऊन काकांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “हा पैसा तुमचा झाला का?” मी म्हटलं, झालाच की. “मग नव्वद घरांना १,०८० किलो भाजणी कोण देणार?”

तेवढा माल करायला कच्चा माल, पाकीट आणि वाहतूक धरून किलोला १५० रुपये लागतात, म्हणजे १,६२,००० पुढे खर्च होणारच आहेत. आधी आलेले पैसे ही कमाई नाही, ती बुक झालेली ऑर्डर आहे. काकांनी एकच गोष्ट माझ्या बाजूने मान्य केली. सभासदाकडून २५० रुपये किलोने पैसे आधी येतात, आणि दुकानदार २२० देतो तेही चाळीस दिवसांनी. त्यामुळे दुकानाच्या तुलनेत ही विक्री दोन्ही अंगांनी बरी. फक्त त्यातली निम्मी घरं माझी जुनीच गिऱ्हाइकं असतील, जी एरवी ३०० देतात, हेही विसरायचं नाही. मी विसरले होते.

आता उरलं कर्ज, आणि काका म्हणाले, “आता खरं पान लिहू.” त्यांनी वर्षाचा महिनावार तक्ता करायला लावला. यंत्रांची किंमत कितीही बिनचूक लिहा, म्हणाले, बँकेचा माणूस बघतो तो हप्ता कुठून निघणार. शेडचं भाडं, तीन बायकांचा पगार, वीज आणि बारीकसारीक मिळून महिन्याचा पक्का खर्च ६५,०००. ९,९०,००० चं कर्ज ११ टक्क्यांनी सात वर्षांसाठी धरलं तर हप्ता सुमारे १७,०००. खेळत्या भांडवलासाठी बँक जी उचल-मर्यादा देते, त्या सीसी लिमिटचं व्याज ४,४००. एकूण ८६,४००. दुकानाला विकलेल्या किलोमागे हातात राहतात ७० रुपये, २२० मधून १५० वजा जाता. भागाकार करा: महिन्याला १,२३४ किलो खपले तर बरोबरी.

पहिल्या वर्षी मी किती खपेल असं लिहिलं होतं? सुरुवातीला ६००, वर्षाअखेर साडेबाराशे, सरासरी ९०९ किलो. विक्री २४ लाख. म्हणजे दर महिन्याला सरासरी बावीस-तेवीस हजारांची तूट, वर्षाची पावणेतीन लाख. हे माझ्या पहिल्या तक्त्यात कुठेच नव्हतं. मी यंत्रांना पैसे दिले होते, मालाला दिले होते, तोट्याला दिले नव्हते.

मला वाटतं, चारही मार्गांची खरी तुलना इथे होते, व्याजदराच्या रकान्यात नव्हे. पहिल्या वर्षाची ही तूट कोणाच्या पैशाने भरायची? बँक यंत्रासाठी देते, मालासाठी देते, तुटीसाठी देत नाही. चोरून लिमिटमधून भरली तर लिमिट कायमचं तळाला लागतं आणि कच्चा माल घ्यायला काही उरत नाही. सबसिडी यंत्रांच्या नावे बंद. आगाऊ घेतलेला पैसा पुढच्या मालाचा. तोटा पोटात घालू शकतो तो फक्त मालकाचा पैसा: गुंतवणूकदाराचा किंवा आपला. मला ते कॉफीच्या दुकानातलं वाक्य आठवलं. बुडाला तरी परत मागत नाही, असा पैसा माझ्यासाठी एकच होता, तो म्हणजे आमची स्वतःची एफडी.

यजमानांचा चेहरा पडला. “सरकार देतंय ना? मग आपले कशाला?” हा प्रश्न बहुतेक घरांत निघत असेल. मग आम्ही तूटच कमी करता येते का ते पाहिलं.

पहिली कात्री लागली ती पाउच पॅकिंगच्या यंत्राला. ३,२०,००० रुपयांचं. ९०९ किलो म्हणजे अर्ध्या किलोची १,८१८ पाकिटं, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दिवसाला ७३. दोन बायका साध्या बँड सीलरवर चहाच्या आधी एवढी पाकिटं बंद करतील! मी ते यंत्र कशासाठी धरलं होतं? खरं सांगायचं तर सबसिडी ३५ टक्के आहे म्हणून. स्वस्तात मिळतंय म्हणून नको असलेली वस्तू घ्यावी, तसं. ते काढल्यावर भांडवली खर्च ७,८०,००० झाला, कर्ज ७,०२,००० आणि हप्ता १२,००० च्या आसपास. मग सहा महिन्यांची सवलत मागायची ठरवलं, ज्यात फक्त व्याज भरायचं, साधारण साडेसहा हजार. वर्षाची तूट पावणेतीन लाखांवरून १,८०,००० वर आली. सभासदांकडून किलोमागे ३० रुपये जास्त मिळतात, ते धरले की जेमतेम दीड लाख.

खेळतं भांडवलही बँकेच्या रीतीनेच लिहिलं. लहान उद्योगांना अंदाजित विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरतात. त्यातले २० टक्के बँक देते, ५ टक्के आपले. २४ लाखांवर ४,८०,००० लिमिट आणि आमचे १,२०,०००.

निधीच्या पानावर अखेर जे लिहिलं त्यातला भाग असा होता: “यंत्रसामग्री व शेडमधील कामासाठी रु. ७,८०,०००, पैकी स्वतःचे रु. ७८,०००, मुदत कर्ज रु. ७,०२,०००. यावर रु. २,७३,००० सबसिडी अपेक्षित असून ती निधीचा स्रोत म्हणून धरलेली नाही. मंजुरीनंतर सहा महिने ती जमा होणार नाही असे मानून व्याज पूर्ण कर्जावर मोजले आहे. खेळत्या भांडवलासाठी रु. ६,००,०००, पैकी स्वतःचे रु. १,२०,०००. पहिल्या वर्षाची अंदाजित तूट रु. १,५०,०००, संपूर्णपणे स्वतःच्या बचतीतून.” स्वतःचे एकूण ३,४८,०००. दोन लाखांची एफडी आणि चार वर्षांच्या भाजणीतून साठलेले दीड लाख, त्यात बसलं. सभासदांचे आगाऊ पैसे स्रोतांत दाखवलेच नाहीत. मागणी आहे याचा पुरावा म्हणून परिशिष्टात नावांची यादी आणि पावत्या लावल्या.

‘तूट’ हा शब्द लिहू नको, बँक घाबरेल, असं दोघातिघांनी सांगितलं होतं. शाखेतल्या अधिकारी बाईंनी मात्र बरोबर तीच ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, एफडी कुठे आहे? पावती दाखवली. बाकी पानांवर त्या फार थांबल्या नाहीत.

मधे एक उपद्रव झाला. ‘सबसिडी पास करून देतो’ म्हणणारा एक माणूस घरी आला. डीपीआर मी बनवतो, रकमेच्या दहा टक्के द्या, आणि यंत्रांची कोटेशनं वाढवून आणतो म्हणजे सबसिडीही वाढेल. या योजनेत अहवाल आणि अर्जाला मदत करायला जिल्ह्याचे संसाधन व्यक्ती नेमलेले असतात आणि त्यांचं मानधन योजनेतून मिळतं, हे मला तोवर उद्यानिकी विभागाच्या कचेरीत कळलेलं होतं. कोटेशन वाढवणं म्हणजे फसवणूक तर आहेच, पण साधा हिशेबसुद्धा त्याने केला नव्हता: फुगवलेल्या रकमेचा ६५ टक्के भाग माझ्याच डोक्यावर बसला असता. त्याला मेतकूट-भात खाऊ घालून पाठवलं. भूक लागली होती बिचाऱ्याला.

डिसेंबरात मंजुरी आली. मुदत कर्ज पूर्ण मिळालं. एकूण रक्कम १० लाखांच्या वर असूनही तारण द्यावं लागलं नाही, कारण बँकेने ते सीजीटीएमएसई, म्हणजे लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या न्यासाच्या हमीखाली घेतलं. या हमीचं शुल्क माझ्याकडूनच जातं, आणि हमी बँकेला आहे, मला नाही. मी हप्ते थकवले तर वसुली माझ्याकडूनच. काही लोक हमी म्हणजे माफी समजतात, म्हणून सांगितलं.

लिमिट मात्र ३,६०,००० वर आलं. घरच्या धंद्याची विवरणपत्रांतली विक्री वर्षाला सव्वाचार लाखांच्या आसपास, तिथून एकदम २४ लाखांवर उडी बँकेने मानली नाही. १८ लाख धरले आणि त्याचे २० टक्के दिले. एक लाख वीस हजारांचं भोक पडलं. त्याच सुमारास सभासद योजनेला नव्वदऐवजी ६४ घरं मिळाली होती आणि १,९२,००० बँकेत पडून होते. हात शिवशिवले. पण ते पैसे मी वेगळ्या खात्यात ठेवले होते आणि दर महिन्याला त्यातला बारावा भाग, १६,०००, धंद्याच्या खात्यात घ्यायचा असं ठरवलं होतं. ते मोडलं नाही. त्याऐवजी दुकानदारांची उधारी चाळीस दिवसांवरून पंधरावर आणायला बसले. सियागंजच्या दोन व्यापाऱ्यांनी सरळ नाही म्हटलं. रामबाग आणि जेल रोडकडच्या लहान दुकानांनी मानलं, कारण त्यांच्याकडे माल थोडा थोडाच जातो. खप ठरवल्यापेक्षा कमी झाला, पण पैसा अडकला नाही.

सबसिडी जानेवारीच्या वाटपानंतर जुलैत जमा झाली. मधल्या काळात २,७३,००० वर महिन्याला अडीच हजार व्याज गेलं, एकूण पंधरा हजार. ते तक्त्यात होतं, म्हणून टोचलं नाही. पासबुकावर ती रक्कम दिसत नाही, वेगळ्या खात्यात आहे. शेडमधल्या भिंतीवर भाजायच्या यंत्राच्या वर खडूने मी एक तारीख लिहून ठेवली आहे, तीन वर्षांनंतरची. भाजणीच्या धुराने ती दर महिन्याला पुसट होते आणि आमच्याकडची मावशी ती परत गिरवते. कशाची तारीख, हे तिला माहीत नाही. ती समजते, माझ्या मुलीच्या लग्नाची.